नॉमिनी नसलेल्या आईवडिलांच्या बँक खात्यातले पैसे वारसांनी कसे मिळवायचे

वडील किंवा आई गेल्यावर मुलं बँकेत जातात तेव्हा काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "नॉमिनी कोण आहे?" नॉमिनी नाही असं कळलं की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "मग कोर्टातून सर्टिफिकेट आणा." घरचे वकील शोधायला लागतात आणि वर्ष निघून जातं. प्रत्यक्षात मध्यम रकमेच्या, वाद नसलेल्या दाव्यांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना सांगितलं होतं की काही मर्यादेपर्यंतचे दावे कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय, वारसांकडून हमीपत्र घेऊन निकाली काढा. पण ती मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या निर्देशांनी हे बदललं. आता सोपी पद्धत सहकारी बँकांत किमान ५ लाख आणि इतर बँकांत किमान १५ लाख रुपयांपर्यंत लागू होते. एखाद्या बँकेने यापेक्षा मोठी मर्यादा ठेवली तरी चालतं, कमी ठेवता येत नाही. बँकांनी हे ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचं होतं.

या लेखात मी एवढाच प्रसंग घेतो आहे: खातं एकट्या पालकाच्या नावावर, नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, वारसांत भांडण नाही आणि रक्कम मर्यादेच्या आत. असे दावे अडकतात ते बहुतेक वेळा वारसांची यादी अपुरी किंवा चुकीची असल्यामुळे. म्हणून सगळ्यात जास्त जागा मी तिलाच देणार आहे.

आधी खात्री करा की नॉमिनी खरंच नाही

पासबुकवर नॉमिनीचं नाव छापलेलं नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. बऱ्याच बँका पासबुकवर फक्त नोंदणी झाल्याचा उल्लेख करतात, काही तोही करत नाहीत. शिवाय प्रत्येक मुदत ठेवीचं नामनिर्देशन वेगळं असू शकतं. बचत खात्याला नॉमिनी नाही पण दहा वर्षांपूर्वीच्या ठेवीला आईचं नाव लावलेलं आहे, असं सर्रास आढळतं. शाखेला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून साधा अर्ज द्या: या व्यक्तीच्या नावे असलेली सर्व खाती, मृत्यूच्या तारखेची शिल्लक, प्रत्येकाचं नामनिर्देशन, खातं चालवण्याचे अधिकार आणि काही कर्ज असल्यास ते, लेखी कळवावं.

'खातं चालवण्याचे अधिकार' हे शब्द अर्जात मुद्दाम घाला. खातं आईवडिलांचं संयुक्त असेल आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा अटीवर असेल, तर हा सगळा लेख तुम्हाला लागू नाही. हयात खातेदाराला मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रावर पैसे मिळतात. पण खातं 'दोघांनी मिळून' चालवायचं असेल तर हयात खातेदार आणि गेलेल्याचे वारस, सगळ्यांनी मिळून दावा करावा लागतो.

कोणत्या बँकांत खाती होती हेच माहीत नसेल तर वडिलांच्या प्राप्तिकराच्या माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, ज्या बँकांनी व्याज दिल्याचं कळवलं आहे त्यांची नावं मिळतात. दहा वर्षांहून अधिक काळ हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झालेल्या असतात. त्यांचा शोध udgam.rbi.org.in वर घेता येतो. तिथे नाव सापडलं तरी दावा मात्र त्या बँकेतच करायचा असतो, आणि पैसे बुडालेले नसतात.

याच टप्प्यावर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगावीशी वाटते. वडिलांचं एटीएम कार्ड आणि पिन घरात आहे म्हणून त्यांच्यामागे पैसे काढू नका. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले असं सांगितलं तरी स्टेटमेंटवर तारीख दिसते आणि ती मृत्यूनंतरची असते. त्या क्षणापासून ते पैसे सगळ्या वारसांचे आहेत. भावाबहिणींत नंतर उठणारा पहिला प्रश्न याच नोंदीवरून असतो, आणि बँकही दावा तपासताना तिथेच थांबते. पेन्शन येत असेल तर बँकेला मृत्यू लगेच कळवा, कारण नंतर जमा झालेलं पेन्शन परत वसूल होतं आणि तेवढी रक्कम तुमच्या हिशेबातून वजा होते.

वारस कोण: इथे घाई नको

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांच्यात रूढीचा कायदा पाहावा लागतो. पुढचं विवेचन १९५६ च्या कायद्याचं आहे.

वडील गेले असतील तर पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी, एकत्र हक्कदार होतात. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई येते. मुलगा किंवा मुलगी वडिलांआधीच वारली असेल तर त्यांची मुलं येतात, आणि आधी वारलेल्या मुलाची विधवाही येते. वडिलांचे वडील हयात असले तरी ते या वर्गात नाहीत. आजोबांना वाटा नाही पण आजीला आहे, हे अनेकांना पटत नाही, तरी कायदा तसाच आहे.

आई गेली असेल तर यादी वेगळी. तिचे मुलगे, मुली, आधी गेलेल्या मुलामुलींची मुलं आणि तिचा नवरा हे एकत्र वारस. हे वारस असतील तर तिच्या आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना काही येत नाही. आधी वारलेल्या मुलाच्या विधवेचं नाव इथे नाही, फक्त त्याच्या मुलांचं आहे. वडिलांच्या दाव्याचा जुना कागद समोर ठेवून आईचा दावा भरला की नेमकी इथे चूक होते.

आता यादीतून कोणाची नावं गळतात ते पाहा. सर्वांत जास्त गळतं लग्न झालेल्या मुलीचं नाव. "तिचं लग्न झालं, तिला सगळं दिलं," असं घरात बोललं जातं आणि अर्जावर दोन भावांची आणि आईची नावं येतात. विवाहित मुलगी वडिलांच्या स्वतःच्या पैशाची वारस १९५६ पासूनच आहे, तिला कुठल्याही नव्या दुरुस्तीची वाट पाहावी लागलेली नाही. दुसरं नाव गळतं आजीचं. तिसरं, आधी वारलेल्या भावाच्या बायकोमुलांचं, विशेषतः ती माहेरी राहत असेल तर. चौथं, वडिलांच्या आधीच्या लग्नातल्या मुलांचं. दत्तक मुलाचा हक्क पोटच्या मुलाइतकाच असतो.

आजीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण याचा फटका मोठा बसतो. वाटा मृत्यूच्या क्षणीच ठरतो, पैसे हातात पडतात तेव्हा नाही. वडील गेले, दावा करायचा राहून गेला आणि दीड वर्षाने आजी गेली, तर आजीचा वाटा नाहीसा होत नाही. तो तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे तिची इतर मुलं, तुमचे काका आणि आत्या. जिथे घरातल्या चार सह्या पुरल्या असत्या तिथे आता नऊ-दहा जणांच्या लागतात, आणि त्यातले दोघे परगावी, एकाशी बोलणं बंद. वृद्ध वारस हयात असताना दावा उरकणं ही सगळ्यांत मोठी सोय आहे.

यादी तयार करताना साधा कागद घ्या आणि वंशवृक्ष काढा. प्रत्येक नावापुढे नातं, वय, पत्ता, हयात की नाही, आणि हयात नसल्यास मृत्यूची तारीख लिहा. तारीख महत्त्वाची, कारण मुलगा वडिलांच्या आधी गेला की नंतर यावर त्याचे वारस कोणत्या नियमाने येतात ते ठरतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा वडिलांचं एका राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खातं आहे, शिल्लक २,१०,००० रुपये. तिथेच ६ लाखांची मुदत ठेव, तिच्यावर आजवर चढलेलं व्याज ३०,०००. एकूण ८,४०,०००. शेजारच्या नागरी सहकारी बँकेत आणखी ३,५०,००० ची ठेव. दोन्हीकडे नॉमिनी नाही.

मर्यादा प्रत्येक बँकेपुरती वेगळी पाहायची, आणि त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांची बेरीज व्याजासकट धरायची. पहिल्या बँकेत ८.४० लाख, म्हणजे १५ लाखांच्या आत. सहकारी बँकेत ३.५० लाख, म्हणजे ५ लाखांच्या आत. दोन्ही दावे सोप्या पद्धतीत बसतात, पण कागदांचे दोन स्वतंत्र संच लागतील.

घरात वडिलांची पत्नी म्हणजे आई, वडिलांची आई म्हणजे आजी, एक मुलगा, एक विवाहित मुलगी, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या धाकट्या मुलाची पत्नी व सात वर्षांचा मुलगा. आई, आजी, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक वाटा, आणि वारलेल्या मुलाच्या शाखेचा मिळून एक. असे पाच वाटे. पहिल्या बँकेच्या रकमेत प्रत्येक वाटा १,६८,००० चा. धाकट्या मुलाच्या शाखेत तो त्याची पत्नी आणि मुलगा यांच्यात निम्मा होतो, प्रत्येकी ८४,०००.

कुटुंबाने ठरवलं की पैसे आईच्या हातात राहावेत, तिला औषधपाण्याला लागतील. आजी, मुलगा आणि मुलगी यांनी हरकत नाही म्हणून सही दिली. धाकट्या सुनेला मात्र आपला आणि मुलाचा वाटा हवा आहे, आणि तो तिचा हक्क आहे. मग दावेदार झाले तिघे: आई ६,७२,००० साठी, सून ८४,००० साठी, आणि तिचा अज्ञान मुलगा ८४,००० साठी, त्याच्या वतीने पालक म्हणून ती. मुलाचे पैसे मुलाच्या नावाच्या खात्यात जातील.

सुनेनेही आपला वाटा आईला द्यायचं ठरवलं असतं, तरी मुलाच्या वाट्याबाबत तसं करणं योग्य झालं नसतं. अज्ञान मुलाच्या वतीने त्याचा हक्क सोडण्याची सही पालकाने करू नये. मूल सज्ञान झाल्यावर त्या सहीला आव्हान देऊ शकतं, आणि जाणकार अधिकारी अशी सही मुळात स्वीकारतही नाही. यादीत अठरा वर्षांखालचं कोणी असेल तर त्याची रक्कम वेगळी काढून त्याच्या खात्यात टाकायची, हे आधीच धरून चाला.

नाहरकतीवर सही करणाऱ्यांसाठी

जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांच्याकडून बँक नाहरकत पत्र घेते. जमिनीच्या हक्कसोडपत्रासारखं ते नोंदणीकृत नसतं, बँकेच्या छापील नमुन्यावर होतं. पण त्यातला मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका. काही नमुन्यांत 'रक्कम अमुकाला द्यायला माझी हरकत नाही' एवढंच असतं. काहींत 'माझा हक्क मी सोडत आहे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बहीण भावाच्या सोयीसाठी सही करते, "पैसे आले की वाटून घेऊ" या भरवशावर, आणि दोन वर्षांनी तो भरवसा कुठल्याच कागदावर नसतो. वाटा हवा असेल तर सरळ दावेदार व्हा, बँक प्रत्येकाच्या खात्यात वेगळी रक्कम जमा करू शकते. सोयीसाठी एकाच्याच खात्यात घ्यायचे असतील तर कोणाला किती द्यायचे याचा एक कागद सगळ्यांच्या सह्यांनी आधी करा.

परदेशात असलेल्या वारसाची सही भारतीय दूतावासात किंवा तिथल्या नोटरीसमोर साक्षांकित करून मागवावी लागते. नमुना बँकेकडून घेऊन त्याला पाठवा, मूळ कागद कुरियरने येऊ द्या. यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा.

कागद

मर्यादेच्या आतल्या दाव्याला लागतं ते असं: बँकेचा दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रत्येक दावेदाराचं ओळख व पत्त्याचं प्रमाण, दावेदारांचं हमीपत्र, इतर वारसांची नाहरकत, आणि वारस कोण आहेत याचा पुरावा. अर्जाचे नमुने शाखेत आणि बँकेच्या संकेतस्थळावर मिळायला हवेत.

शेवटच्या गोष्टीवर सगळ्यांचा गोंधळ होतो. वारसांचा पुरावा दोन प्रकारे देता येतो. एक, सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं वारस प्रमाणपत्र. किंवा, कुटुंबाला नीट ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या, बँकेला मान्य अशा व्यक्तीने वारसांबद्दल केलेलं निवेदन. हा दुसरा मार्ग अधिकारी बहुतेक वेळा सांगत नाहीत, आणि तोच बहुतेक घरांना परवडणारा आहे. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वर्षानुवर्षांचे डॉक्टर, सोसायटीचे जुने पदाधिकारी, त्याच बँकेचे जुने खातेदार अशा व्यक्ती चालतात. मेहुणा, जावई, चुलतभाऊ चालत नाही. ही व्यक्ती पैशाला जामीन राहत नाही, फक्त 'एवढेच वारस आहेत' असं सांगते. हे तिला आधी नीट समजावून सांगा, म्हणजे ती बिचकणार नाही.

महाराष्ट्रात 'वारस दाखला' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी लोकांच्या हातात असतात. तलाठ्याकडची वारस नोंद ही सातबाऱ्यासाठी असते. तहसीलदारांचा दाखला बहुतेक पेन्शन, थकीत पगार अशा कारणासाठी दिलेला असतो आणि ते कारण त्यावर छापलेलं असतं. दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतं. आणि ठेवी, रोखे यांच्यासाठी लागणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र ही या तिन्हींहून वेगळी, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ ची गोष्ट आहे. बँकेने 'वारस प्रमाणपत्र आणा' म्हटलं तर कोणतं, आणि निवेदनाचा पर्याय का चालत नाही, हे विचारा. अधिकाऱ्याच्या तोंडी सूचनेवरून कोर्टात अर्ज करू नका.

मर्यादेच्या आतल्या दाव्याला बँकेने बाहेरचा जामीनदार मागायचा नाही, हेही निर्देशांत आहे. "दोन सरकारी नोकर जामीन आणा" असं कोणी म्हणालं तर ती जुनी सवय आहे.

हमीपत्रात तुम्ही काय लिहून देता

हमीपत्र म्हणजे दावेदार बँकेला म्हणतो: हे पैसे मला दिल्यामुळे उद्या दुसरं कोणी हक्क सांगत आलं आणि तुमचं नुकसान झालं, तर मी भरून देईन. वारसांची यादी पूर्ण आणि खरी असेल तर या कागदात घाबरण्यासारखं काही नाही. बहिणीचं नाव वगळलं असेल तर मात्र हा कागद बँकेला वाचवतो आणि सही करणाऱ्याला अडकवतो. बहीण बँकेकडे गेली की बँक हमीपत्र पुढे करून तुमच्याकडून वसुली मागते, आणि खोटं निवेदन केल्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

स्टँप किती रुपयांचा, हे बँकेला विचारूनच घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचं मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं, त्यामुळे जुना नमुना बघून १०० चा स्टँप आणला तर कागद परत येतो. मजकूरही बँकेच्याच नमुन्यातला टाइप करा. वकिलाने स्वतःच्या शब्दांत सुंदर मसुदा केला तरी शाखा तो मुख्य कार्यालयाकडे मंजुरीला पाठवते आणि आठवडे जातात.

नावातला फरक

मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, पासबुकवर दुसरं, आधारवर तिसरं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. दाखल्यावर मधलं नाव नाही, पासबुकवर 'राव' आहे, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. फरक किरकोळ असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावांना जोडणारं एखादं जुनं कागदपत्र, जसं पॅन किंवा सेवापुस्तक, पुरतं. आईच्या बाबतीत खातं माहेरच्या नावाने उघडलेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नाव बदलाची प्रत लागते. दाखल्यावरच ठळक चूक असेल तर ती ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडून आधी दुरुस्त करून घ्या, कारण तोच दाखला विमा, पेन्शन, घर सगळीकडे लागणार आहे. दाखल्याच्या अनेक मूळ प्रती सुरुवातीलाच काढून ठेवा.

दावा देताना आणि नंतर

सगळे कागद एकदम द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि कागदांची यादी असलेली पोच घ्या. तारखेला महत्त्व आहे. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर त्या काळासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दरावर किमान ४ टक्के जास्त दराने व्याज द्यावं लागतं. पोच नसेल तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही. अधिकारी कागद ठेवून घेतो आणि "बघून सांगतो" म्हणतो, तिथे थांबू नका. त्रुटी असतील तर त्या एकदाच, लेखी मागा. दर भेटीला एक नवा कागद सांगितला जाणं यामुळेच बंद होतं.

मुदत ठेवीचं काय करायचं हे अर्जात स्पष्ट लिहा. मोडायची असेल तर मुदतपूर्व मोडल्याचा दंड लागत नाही. वडिलांनी जुन्या चांगल्या दराने ठेवलेली असेल तर ती मुदतीपर्यंत चालू ठेवणंही शक्य असतं. मुदत आणि एकूण रक्कम न बदलता ठेव वारसांत विभागून दिली तर तिला मोडणं समजलं जात नाही. आमच्या उदाहरणात आईने ठेवीतला आपला भाग तसाच पुढे चालू ठेवणं आणि सुनेचा वाटा बचत खात्यातल्या २,१०,००० मधून देणं शहाणपणाचं ठरेल. सुनेचे आणि नातवाचे १,६८,००० त्यातून निघतात आणि ठेवीला हात लागत नाही. वडील मुदत संपण्याआधी गेले आणि दावा मुदतीनंतर झाला, तर मुदतीपर्यंत ठरलेला दर आणि पुढच्या दिवसांचं साधं व्याज मिळतं. ते हिशेबात आलंय का ते तपासा, अनेकदा राहून जातं.

पैसे दावेदारांच्या बँक खात्यातच येतात. वारसाने मिळालेली मूळ रक्कम करपात्र उत्पन्न नाही. मृत्यूच्या तारखेनंतरचं व्याज मात्र ज्याला मिळालं त्याच्या उत्पन्नात धरावं लागतं, आणि मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने वडिलांच्या वतीने भरायचं असतं. व्याजावर कर कापू नये म्हणून वडिलांनी दिलेला १५ एच अर्ज त्यांच्यामागे चालत नाही.

कोर्टात जावं लागतं ते केव्हा

रक्कम मर्यादेच्या वर असेल तर बँक उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा न्यायाधीश अथवा दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र असे अधिक भक्कम कागद मागू शकते, आणि तिथे जामीनदारही मागता येतो. म्हणजे १८ लाख असले तरी लगेच कोर्ट, असं नाही. बँकेला कोणता पर्याय मान्य आहे ते लेखी विचारा.

वारसांपैकी एकाने जरी बँकेला हरकतीचं पत्र दिलं, किंवा कोणी सही द्यायला तयारच नसेल, तर सोपी पद्धत तिथेच संपते. मग उत्तराधिकार प्रमाणपत्र. मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या दिवाणी न्यायालयात अर्ज होतो, सगळ्या वारसांना नोटीस जाते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, आणि हरकत नसेल तरी काही महिने जातात. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते. अर्जातल्या यादीत ठेवींचे क्रमांक आणि रकमा काटेकोर लिहा, कारण प्रमाणपत्र तेवढ्याच रकमांपुरतं मिळतं आणि राहिलेल्या खात्यासाठी ते वाढवून घ्यावं लागतं. म्हणून सगळ्या बँकांचा शोध पूर्ण झाल्याशिवाय अर्ज दाखल करू नका. सगळ्या बँकांना मिळून एकच प्रमाणपत्र चालतं.

बँक ऐकत नसेल तर

शाखेत लेखी तक्रार, मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. पोच, त्रुटींचं पत्र आणि दिलेल्या कागदांची यादी जोडा. तक्रारीत वडिलांच्या आजाराचा इतिहास नको. दावा कधी दिला, कागद कधी पूर्ण झाले, बँकेने काय मागितलं आणि ते निर्देशांत कसं बसत नाही, एवढं तारखांसह पुरतं.

पतसंस्थेतल्या ठेवींना यातलं काही लागू होत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नाहीत, त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात. त्यांचे नियम संस्थेच्या उपविधीत असतात आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. टपाल खात्यातल्या बचतीलाही वेगळे नियम आहेत. तिथे नॉमिनी नसल्यास ५ लाखांपर्यंतचा दावा कोर्टाच्या कागदाशिवाय मिळतो, पण मृत्यूनंतर सहा महिने उलटल्यावर. बँकेचं काम आधी हाती घ्या आणि टपाल कार्यालयाचा अर्ज तेवढ्या काळात तयार करून ठेवा. प्रतिज्ञापत्राचा आणि हमीपत्राचा नमुना तिथला वेगळा असतो, म्हणून तो तिथूनच आणा.